फी वाढ आणि शिक्षक नेमणूक एकाच ठरावात: इतिवृत्त कसे लिहावे?

प्रश्न : आमची कायम विनाअनुदानित शाळा आहे, पहिली ते दहावी, राज्य मंडळ. ५ मार्चला संस्थेच्या सात पदाधिकाऱ्यांची सभा झाली. जूनपासून वार्षिक फी २१,००० वरून २४,००० करायची आणि दोन शिक्षकांची नेमणूक करायची असे ठरले. अध्यक्ष म्हणतात, ‘शाळा व्यवस्थापन समितीची सभा’ असे लिहा आणि एकच ठराव करा. मुख्याध्यापक म्हणून इतिवृत्त मी लिहायचे आहे. कसे लिहू? पुढे अडचण येईल का?

उत्तर : सर, अध्यक्ष सांगतात तसे लिहिले तर अडचण नक्की येईल, आणि ती तुमच्या सहीवर येईल. मी बावीस वर्षे मुख्याध्यापिका होते. निवृत्तीनंतर संस्थांची दप्तरे तपासून नीट लावून देण्याचे काम करते. इतिवृत्तात सगळ्यात जास्त दिसणारी चूक तुमच्या प्रश्नातच आहे: सभा एका समितीची, नाव दुसरीचे आणि अधिकार तिसरीचा.

आधी नावाचे बघू. ‘शाळा व्यवस्थापन समिती’ ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मधली समिती. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेला ते कलम लागू नाही. शिवाय फी ठरवणे किंवा शिक्षक नेमणे हे तिचे कामही नव्हे. सात पदाधिकारी बसले, एकही पालक नाही, एकही शिक्षक नाही, आणि वर नाव शाळा व्यवस्थापन समितीचे, असा कागद पाहिल्यावर तपासणारा अधिकारी पुढचे पान उलटण्याआधीच साशंक होतो.

५ मार्चला जी बसली ती संस्थेच्या कार्यकारी मंडळाची सभा होती. सभेची सूचना त्याच नावाने काढली असेल तर इतिवृत्तावरही तेच नाव लिहा. सूचनेत चुकून ‘शाळा व्यवस्थापन समिती’ छापले गेले असेल तर सूचना बदलू नका. आहे तशी चिकटवा. पुढच्या सभेत पहिला विषय घ्या की ‘दि. ५ मार्चच्या सूचनेत सभेचे नाव अनवधानाने चुकीचे नमूद झाले, ती सभा कार्यकारी मंडळाची होती’, आणि तसा दुरुस्तीचा ठराव करून घ्या. चूक उघडपणे दुरुस्त केलेली असेल तर त्यावर कोणी बोट ठेवत नाही.

आता या सभेला काय करता येते ते पाहू. फीच्या बाबतीत ती फक्त प्रस्ताव करू शकते. २०११ च्या महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियमाप्रमाणे व्यवस्थापनाने प्रस्तावित फी, हिशेबाच्या कागदांसह, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायची असते. मान्यता ती समिती देते. तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक, म्हणजे तुम्हीच, आणि पालक सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडलेले. त्यामुळे तुमच्या ठरावात ‘फी वाढ मंजूर करण्यात आली’ हे शब्द येताच कामा नयेत. तेच शब्द पालकांच्या तक्रारीला पहिला पुरावा होतात, कारण पालकांना विचारण्याआधीच निर्णय झाला होता हे ते शब्द सांगतात.

दुसरी गोष्ट मुदतीची, आणि इथे तुमची खरी गाठ आहे. कलम ६ प्रमाणे हा प्रस्ताव पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी कार्यकारी समितीकडे जायला हवा. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, म्हणजे डिसेंबरचा मध्य. तुमची सभाच मार्चमध्ये झाली. येत्या जूनसाठी हा प्रस्ताव उशिराचा आहे, आणि ते लिहिण्याच्या खुबीने सुटणारे नाही. त्यातच सध्याची २१,००० ची फी कधी मान्य झाली ते बघा. कार्यकारी समितीने मान्य केलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बांधील असते. ती गेल्याच वर्षी ठरली असेल तर येत्या जूनला वाढीचा विषयच येत नाही.

अशा वेळी कोणीतरी सुचवतो, ‘डिसेंबरची तारीख टाका, कोण बघतंय?’ सर, कृपा करून हे करू नका. मी एका संस्थेचे दप्तर तपासत होते. १२ डिसेंबरच्या सभेचे इतिवृत्त होते, सह्या होत्या, अक्षर सुंदर होते. फी वाढीचे कारण म्हणून नव्या संगणक कक्षाचा खर्च लिहिला होता आणि सोबत बिलाचा क्रमांक. बिल काढून पाहिले तर ते ३ फेब्रुवारीचे. डिसेंबरच्या सभेला फेब्रुवारीतल्या बिलाचा क्रमांक कसा ठाऊक? त्या एका ओळीने त्या वर्षीची सगळी इतिवृत्ते संशयात आली. त्यातल्या दोन शिक्षकांच्या नेमणुका अगदी नियमाने झालेल्या होत्या, पण त्यांचे ठराव त्याच वहीत असल्यामुळे त्यांनाही वर्षभर हेलपाटे घालावे लागले. मागची तारीख टाकणाऱ्याला वाटते की आपण एक तारीख बदलतो आहोत. वहीला मात्र जाहिराती, बिले, आवक-जावक क्रमांक असे शंभर धागे जोडलेले असतात, आणि ते सगळे बदलणे कोणालाच जमत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की वाढ येत्या जूनपासून न मागता त्याच्या पुढच्या जूनपासून मागा. तेवढा अवधी हाताशी आला की प्रस्ताव नीट करता येईल. नीट म्हणजे काय, ते तुमच्याच आकड्यांवर दाखवते. प्रश्नात फक्त एकूण रक्कम आहे, पण अशा शाळांकडून माझ्याकडे येणारी फोड साधारण अशी असते: शिक्षण शुल्क दरमहा १,५००, म्हणजे वर्षाचे १८,०००, सत्र शुल्क प्रत्येक सत्राला २,५००, म्हणजे ५,०००, ग्रंथालय व प्रयोगशाळा १,०००, एकूण २४,०००. बेरीज बरोबर आहे, पण सत्र शुल्क चुकले. एका सत्राचे सत्र शुल्क एका महिन्याच्या शिक्षण शुल्काहून जास्त घेता येत नाही. इथे ते १,५०० च्या वर जाऊ शकत नाही. मी मुख्याध्यापकांना एक सोपी रीत सांगते. वर्षाचे बारा महिने आणि दोन सत्रे मिळून चौदा भाग धरा. शिक्षण शुल्क १,६४० ठेवले तर चौदा भागांचे २२,९६० होतात, आणि ग्रंथालय-प्रयोगशाळेचे १,०४० धरले की २४,००० पूर्ण. रक्कम तीच, फोड कायद्यात बसणारी. मात्र ही फोड तुम्ही एकट्याने इतिवृत्त लिहिताना बदलायची नाही. ती सभेने ठरवायला हवी. सभेत फक्त ‘२४,०००’ एवढेच ठरले असेल तर इतिवृत्तात तेवढेच येईल आणि फोड पुढच्या सभेपुढे जाईल.

मग कारण. ‘महागाई वाढल्यामुळे’ असे लिहून भागत नाही. पालक विचारतात, वाढीचे पैसे कुठे जाणार? इथेच तुमचे दोन्ही विषय एकमेकांना भिडतात, म्हणून थोडा थांबून हिशेब करू. समजा पटावर ४२० मुले आहेत. बहुतेक प्रस्तावांत ४२० गुणिले ३,००० म्हणजे १२,६०,००० असे लिहिलेले असते. पण त्यांतली ६० मुले पंचवीस टक्क्यांच्या राखीव प्रवेशातली असतील तर त्यांच्याकडून ही फी घेता येत नाही. फी भरणारी मुले ३६०, आणि वाढीची खरी जमा १०,८०,०००. दोन नव्या शिक्षकांचा भत्त्यांसह खर्च प्रत्येकी दरमहा ४५,००० धरला तर वर्षाचा खर्च बरोबर १०,८०,००० येतो. हा ४५,००० चा आकडा मी समजण्यासाठी घेतला आहे. तुम्ही तुमच्या वेतनश्रेणीचा घाला. मुद्दा असा की फीच्या प्रस्तावातला वेतनखर्च आणि नेमणुकीच्या ठरावातले वेतन हे दोन आकडे शेजारी ठेवले तर जुळले पाहिजेत. फीच्या कागदावर दोन शिक्षकांचे पूर्ण वेतन दाखवले आणि नेमणुकीच्या कागदावर ‘एकत्रित मानधन १२,०००’ लिहिले, तर दोन्ही कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. असे कागद मी पाहिले आहेत. पालकांनी तक्रार केली तेव्हा संस्थेला उत्तर देता आले नाही, आणि शिक्षकांनी वेतन मागितले तेव्हा संस्थेचाच फीचा प्रस्ताव त्यांच्या बाजूने उभा राहिला.

वाढ एक वर्ष पुढे गेली तर या वर्षीचे वेतन कुठून द्यायचे हेही सभेला ठरवावे लागेल. संस्थेच्या शिलकीतून, की देणगीतून, की दोनपैकी एकच पद यंदा भरायचे, हे स्पष्ट लिहा. निधीचे ठिकाण नसलेली नेमणूक पहिल्या तीन महिन्यांत थकलेल्या पगारावर येते, आणि तो थकलेला पगार मागायला शिक्षक तुमच्या केबिनमध्ये येतो, अध्यक्षांच्या घरी नाही.

५ मार्चच्या इतिवृत्तातला फीचा ठराव मी असा लिहीन:

‘ठराव क्र. २ : पुढील शैक्षणिक वर्षांसाठी वार्षिक शुल्क रु. २१,००० वरून रु. २४,००० करण्याबाबत चर्चा झाली. सदर वाढीचा प्रस्ताव जमाखर्चाच्या कागदपत्रांसह विहित मुदतीत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मान्यतेसाठी ठेवण्यात यावा, व त्या समितीचा निर्णय होईपर्यंत प्रचलित शुल्कच आकारण्यात यावे, असे सर्वानुमते ठरले. सूचक : … अनुमोदक : …’

सभेत खरोखर ‘जूनपासूनच’ असे ठरले असेल तर वरचा मजकूर तुम्हाला तसाच लिहिता येणार नाही. जे ठरले ते लिहा, आणि मुदतीची बाब अध्यक्षांना लेखी टिपणीने कळवून पुढच्या सभेत तो ठराव बदलून घ्या. इतिवृत्त लिहिणाऱ्याला सभेचे म्हणणे सुधारण्याचा अधिकार नाही. टिपणी देण्याचा आहे, आणि तो वापरलाच पाहिजे.

कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव गेल्यावर तिला तीस दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. त्या सभेचे इतिवृत्त वेगळ्या वहीत. कोणत्या पालकाने काय हरकत घेतली आणि त्याला काय उत्तर दिले, तेही लिहा. तिथे अध्यक्ष तुम्ही आणि प्रस्ताव करणाऱ्या संस्थेचे नोकरही तुम्हीच, म्हणून तिथल्या सचिव शिक्षकालाच लिहू द्या. तीस दिवसांत निर्णयच झाला नाही तर व्यवस्थापनाने विषय विभागीय शुल्क नियामक समितीकडे न्यायचा असतो. समितीने कमी रक्कम मान्य केली म्हणून लगेच वर धावता येत नाही. व्यवस्थापनाच्या आणि समितीच्या रकमेतला फरक पंधरा टक्क्यांहून जास्त असावा लागतो. तुमच्या २४,००० ऐवजी त्यांनी २२,००० मान्य केले तर २२,०००च घ्यावे लागतील. मान्य झालेली फी फलकावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावायची असते. फलकाचा तारखेसह फोटो काढून वहीत चिकटवा.

आता नेमणुका. मुख्याध्यापक व सहायक मुख्याध्यापक सोडून बाकी शिक्षक नेमण्याचा अधिकार १९८१ च्या खाजगी शाळा कर्मचारी नियमावलीच्या नियम ९ प्रमाणे ‘शाळा समिती’चा आहे. ही चौथी समिती, आणि नाव इतके जवळचे की सगळा घोळ तिथूनच होतो. तिची रचना नियमावलीच्या अनुसूची ‘अ’ मध्ये आहे. संस्थेचे प्रतिनिधी, सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने आळीपाळीने येणारा कायम शिक्षक, आणि पदसिद्ध सचिव म्हणून मुख्याध्यापक. ५ मार्चच्या सभेत शिक्षक प्रतिनिधी नव्हता, म्हणजे ती शाळा समितीची सभा नव्हती. म्हणून त्या इतिवृत्तात एवढेच लिहा की दोन रिक्त पदे भरण्यास व त्यांच्या वेतनाच्या तरतुदीस संस्थेची संमती आहे, आणि निवडीची कार्यवाही शाळा समितीने करावी. मग शाळा समितीची रीतसर सूचना काढा, शिक्षक प्रतिनिधीची सूचनेवर पोच घ्या, आणि नेमणूक तिथे होऊ द्या.

त्या सभेत नेमणुकीचा विषय सूचनेतच असावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ याखाली केलेली नेमणूक मी कधीच मान्य करत नाही, कारण तिथे शिक्षक प्रतिनिधीला विषय आधी कळलेलाच नसतो.

या ठरावात माझी नजर आधी एका शब्दावर जाते: पद कशामुळे रिकामे आहे. निवृत्तीमुळे, राजीनाम्यामुळे, की नवी तुकडी आली म्हणून? कोणाच्या जागी आणि कोणत्या तारखेपासून? हे नसले की पुढे सगळे अंधारात. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे कायम रिक्त पदावर नेमलेली व्यक्ती दोन वर्षांच्या परिविक्षेवर असते आणि ती पूर्ण झाल्यावर कायम झाली असे समजले जाते. काम समाधानकारक नसेल तर परिविक्षेच्या काळात एक महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार देऊन सेवा संपवता येते. अनेक संस्था हे टाळण्यासाठी कायम पदावर ‘अकरा महिन्यांसाठी’ अशी नेमणूक करतात, मे महिन्यात खंड दाखवतात आणि जूनमध्ये पुन्हा तोच ठराव उतरवून काढतात. मग शिक्षक शाळा न्यायाधिकरणात जातो. तिथे नेमणुकीचा आदेश, जाहिरात आणि ठराव तिन्ही मागवले जातात. एका प्रकरणात मी ती वही उघडली तेव्हा सलग चार वर्षांचे चार ठराव शब्दशः सारखे होते. चौथ्यात तर तिसऱ्या वर्षाची तारीख तशीच राहिली होती. त्या शिक्षिका चार वर्षे दहावीला शिकवत होत्या, आणि वहीत त्यांचे पद कशाने रिक्त झाले हे एकदाही लिहिलेले नव्हते. मला त्या दिवशी फार वाईट वाटले. माणसाची नोकरी त्या एका ओळीवर अवलंबून असते आणि ती ओळ लिहायला पाच मिनिटे लागतात.

ठरावाचा नमुना असा:

‘ठराव क्र. १ : श्री. … हे दि. … रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाल्यामुळे विज्ञान विषयाच्या सहायक शिक्षकाचे पद कायम रिक्त झाले आहे. अतिरिक्त शिक्षकाबाबत मा. शिक्षणाधिकारी यांच्याकडे जा. क्र. … दि. … अन्वये विचारणा केली असून त्यांचे पत्र क्र. … दि. … वाचण्यात आले. दि. … च्या जाहिरातीनुसार अर्ज … प्राप्त, पात्र …, मुलाखतीस उपस्थित …. गुणतक्ता सभेपुढे ठेवण्यात आला. प्रथम क्रमांकाच्या उमेदवार श्रीमती … (बी.एस्सी., बी.एड.) यांची दि. … पासून दोन वर्षांच्या परिविक्षेवर, अनुज्ञेय वेतनश्रेणीत नेमणूक करावी, असे सर्वानुमते ठरले. प्रतीक्षा यादीतील उमेदवार : …’

दुसरे पद पहिली ते आठवीसाठी असेल तर शिक्षक पात्रता परीक्षेचा उल्लेख पेपर क्रमांक व प्रमाणपत्र क्रमांकासह करा. प्रत्येक पदाला स्वतंत्र ठराव. एकावर हरकत आली तर दुसरा अडकू नये.

उमेदवारांत कोणी सदस्याचा नातेवाईक असेल तर ते लपवू नका. ‘सदर उमेदवार सदस्य श्री. … यांच्या स्नुषा असल्याने ते या विषयाच्या वेळी सभागृहाबाहेर गेले व निर्णयात सहभागी झाले नाहीत’ हे वाक्य लिहा, आणि त्यांना खरोखर बाहेर जायला सांगा. ते बाहेर गेल्यावर जे हजर राहिले तेवढ्यांनी गणपूर्ती होते का तेही मोजा. आणि कोणी विरोध केला असेल तर ‘सर्वानुमते’ लिहू नका. ‘बहुमताने’ लिहून विरोध करणाऱ्याचे नाव आणि कारण घाला. विरोधाची नोंद असलेले इतिवृत्त जास्त विश्वासाचे असते, कारण तिथे सभा खरोखर झाली हे दिसते.

वही पृष्ठक्रमांक छापलेली, बांधीव घ्या. हजेरीच्या सह्या सभेच्या वेळीच, नंतर घरी पाठवून नाहीत. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करा. पानाच्या तळाशी जागा उरली तर तिरपी रेघ ओढा. हे सगळे तुम्हाला माहीत असेल, तरी लिहिते, कारण कोऱ्या जागेत नंतर घुसवलेला ठराव मी एकदा नव्हे, तीनदा पाहिला आहे.

तारखांचा क्रम एकदा कागदावर मांडून बघा: शिक्षणाधिकाऱ्यांना विचारणा, जाहिरात, मुलाखत, शाळा समितीची सभा, मग अनुसूची ‘ड’ मधल्या नमुन्यातला नेमणूक आदेश, मग रुजू अहवाल, मग वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव. यातली एक तारीख जरी मागेपुढे झाली तरी मान्यतेचा प्रस्ताव त्रुटी लावून परत येतो. ५ मार्चला अध्यक्षांनी उमेदवारांना तोंडी ‘तुम्ही जूनपासून या’ असे सांगितले असेल, तर शाळा समितीची सभा होईपर्यंत त्यांना हजेरीपटावर सही करू देऊ नका.